आजो, नात आणि नाचणीचे बी: गोष्ट कुठे उभी राहते

प्रश्न: मुलांच्या दिवाळी अंकासाठी छोटी गोष्ट लिहिते आहे. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला एक म्हातारा शेतकरी गावठी नाचणीचे बी राखून आहे, आणि सुट्टीत आलेल्या नातीला त्यातून कळते की एकाच पिकाची वेगवेगळी रूपे का सांभाळायची. पण माझ्या मसुद्यात आजोबा फक्त मडके उघडून दाखवतात आणि भाषण करतात. असा माणूस प्रत्यक्षात काय करील? आणि नातीला ते कशातून कळेल?

उत्तर:

मडके गोष्टीच्या शेवटाकडे न्या. बी राखण्याचे निम्म्याहून जास्त काम मडक्यात बी जाण्याआधीच झालेले असते. कापणीच्या दोन-तीन दिवस आधी शेतकरी उभ्या पिकात फिरतो आणि ‘हे कणीस बियाण्याला, हे खायला’ असे ठरवतो. गोष्ट त्या दिवशी उभी करा. त्या दिवशी नातीच्या हातात विळा असू शकतो, ती चुकू शकते, आणि तिची चूक तिला स्वतःला दिसू शकते. मग भाषण करण्याची गरज उरत नाही.

पण ते लिहिण्याआधी नाचणीची एक गोष्ट तुम्हाला नीट माहीत हवी, नाहीतर कथेतला धागा सुटेल. मी बरीच वर्षे कोकण आणि गोव्यातल्या शेतकऱ्यांकडून गावठी नाचणीचे बी गोळा करते आणि ते पुन्हा शेतात पेरवून घेते. शिकलेल्या माणसांनाही ही गोष्ट ठाऊक नसते, असा माझा अनुभव आहे.

नाचणीच्या फुलाला मधमाशी लागत नाही, वाराही जवळजवळ लागत नाही. फूल उघडण्याच्या सुमारास त्याचे स्वतःचेच परागकण त्याच्यावर पडतात. शंभरात एखाद्या दाण्यात दुसऱ्या झाडाचा अंश येतो, तोही क्वचितच. बाजरी किंवा मका यांच्या उलट. त्या पिकांत शेतभर सरमिसळ होते आणि दर पिढीला नवी रूपे निघत राहतात. नाचणीत मात्र प्रत्येक झाड आपापला वंश पुढे नेते. गावठी नाचणीच्या शेतात लांबून सगळे एकसारखे दिसते, पण ते शेत म्हणजे शेजारी शेजारी राहणाऱ्या शेकडो वेगळ्या घराण्यांची वस्ती असते. कुणाची कणसे मुठीसारखी आत वळलेली, कुणाची पसरलेली, कुणी पंधरा दिवस आधी पिकणारे, कुणी उशिरा.

याचे दोन परिणाम होतात आणि दोन्ही गोष्टीत उपयोगी पडतील. पहिला शेतकऱ्याच्या सोयीचा: दोन वाण शेजारच्या ओळींत लावले तरी ते एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे लहानशा तुकड्यातही चार-पाच रूपे स्वच्छ राखता येतात. दुसरा धोक्याचा: एक रूप एका वर्षी बियाण्यातून वगळले, की ते पुढच्या वर्षी आपोआप परत येत नाही. नाचणीत वेगळेपण टिकते ते फक्त माणसाने निवडले म्हणून.

आता गोष्ट मी जशी पाहिली असती तशी सांगते. नावे दिलेली नाहीत, ती तुम्ही द्या. सत्तरीत मुले आजोबांना ‘आजो’ म्हणतात, लाडाने ‘तू’ म्हणतात, आणि आजो नातीला ‘बाय’ म्हणतो. ते तसेच राहू द्या.

*

केरीच्या पुढे, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी घर आहे. घरामागे डोंगराच्या उतारावर तीन पायऱ्यांची मोरड जमीन. सगळी मिळून आठशे चौरस मीटर. पूर्वी उतार वरपर्यंत नाचणी आणि वरीने भरलेला असे, आता वर काजू आहे. खालच्या पायरीला लागून गोठा, तिथे शेणखत ओघळते, माती खोल आणि काळी. सगळ्यांत वरच्या पायरीवर वीतभर मातीखाली जांभा लागतो.

नात साखळीला सातवीत शिकते. दिवाळीच्या सुट्टीत आली तेव्हा नुकताच तीन दिवस सरींचा पाऊस होऊन गेला होता. आश्विनातला, नको तेव्हाचा. हळवी नाचणी चवथीनंतर थोड्या दिवसांनी कापून झाली होती. गरवी अजून उभी होती, कणसे तपकिरी झालेली.

आजोने तिच्या हातात विळा आणि टोपली दिली. “बियाण्याला शंभर कणसे काढ. चांगली बघून.”

शंभर का, ते तिने विचारले. आजो म्हणाला, एका कणसाचे साधारण पाच ग्रॅम दाणे होतात, शंभराचे अर्धा किलो. तरवा टाकून रोपे लावायची तर आठशे मीटरला तेवढे बी पुरते. “आणि मोडले-बुडले, पहिला तरवा वाहून गेला, तर दुसऱ्यांदा टाकायला?” ती म्हणाली. आजो हसला. “त्याची शंभर मी काढली आहेत.”

अर्ध्या तासात ती परत आली. टोपलीत शंभर कणसे, एकाहून एक जाड, बोटे आत वळलेली, घट्ट मुठीसारखी. ती सगळी गोठ्याजवळच्या खालच्या कोपऱ्यातली होती. दुसरीकडे गेलीच नव्हती, कारण तिथे एवढी मोठी कणसे नव्हती.

आजोने टोपली बाजूला ठेवली. तिला घेऊन तो सगळ्यांत वरच्या पायरीवर गेला आणि एका झाडापाशी बसला. झाड गुडघ्याएवढे, कणीस नातीच्या टोपलीतल्या कणसाच्या निम्मे. त्याने मुळाशी बोट खुपसले, ते जेमतेम दोन पेरे आत गेले आणि दगडाला लागले.

“खालीही असेच बोट घालून बघ.”

तिने खालच्या कोपऱ्यात बोट खुपसून पाहिले. मनगटापर्यंत हात गेला.

“आता सांग, खालचे कणीस मोठे कशामुळे? बियाण्यामुळे की शेणामुळे?”

ती गप्प राहिली. आजो पुढे म्हणाला, “खाली कुणीही आले तरी मोठे होते. इथे वर, या दगडावर, ज्याने एवढे तरी कणीस भरले, त्याच्यात काहीतरी आहे. मला तेही हवे.”

मग त्याने बांबूच्या खुंट्या आणि सुंभ आणले. तीन पायऱ्यांचे मिळून दहा चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनातून दहा कणसे, कमी नाहीत, जास्त नाहीत. बांधालगतची झाडे नको, मोकळी जागा मिळालेली झाडे नको, कारण त्यांना ऊन आणि माती जास्त मिळते आणि ती उगीच चांगली दिसतात. दाटीत उभे राहून ज्याने भरले ते घ्यायचे. मान काळी पडलेले झाड कधीच नाही.

मान काळी म्हणजे काय, ते त्याने दाखवले. कणसाच्या खाली देठाचा बोटभर भाग जळल्यासारखा काळा, आणि त्यावरचे कणीस हलके. तिने चुरगाळून पाहिले, आत भूस होते. “करपा. कणीस निसवताना झड लागली की येतो.” तिने आजूबाजूला पाहिले. त्याच चौकोनात काळ्या मानेची सात झाडे होती आणि सातही एकाच रूपाची, आखूड बोटांची. त्यांना खेटून उभ्या पसरट कणसांच्या माना हिरव्या होत्या. एकाच मातीत, एकाच पावसात. हे आजोने सांगितले नाही, ती खुंटीजवळ उकिडवी बसून मोजत होती तेव्हा तिला दिसले.

दुपारी पडवीत चटईवर कणसे मांडली. आजोची शंभर, तिने नव्याने काढलेली शंभर, आणि सकाळची टोपली वेगळी. आजोने रूपांचे चार ढीग केले: मूठवाली, अर्धी वळलेली, पसरट लांब बोटांची, आणि आखूड बोटांची. हळवीचे बी आधीच वेगळे ठेवलेले होते, त्यामुळे तो पाचवा ढीग चटईवर नव्हता.

तिने सकाळची टोपली जवळ ओढली. तिला ती कणसे अजून आवडत होती. एक मूठ तिने अंगठ्याने उघडली. आतून आंबूस वास आला. बोटांच्या मधल्या फटीत पाणी राहिले होते आणि आतल्या बाजूच्या दाण्यांना पांढरे मोड आले होते. तिने दुसरे उघडले, तिसरे उघडले. दहा उघडली तेव्हा सहांत मोड निघाले. मग तिने पसरट ढिगातले एक घेतले. ते कोरडे होते. तिने सगळी बोटे तपासली, एकही मोड नव्हता. या कणसावरचे पाणी वाऱ्याने त्याच दिवशी वाळून गेले होते.

“मग मूठवाली टाकून देऊया,” ती म्हणाली. “सगळी पसरट ठेवूया.”

आजी भाताच्या पेजेचे भांडे घेऊन आली होती, ती तिथेच थांबली. उत्तर तिने दिले. “ज्या वर्षी दिवाळी कोरडी जाते, त्या वर्षी घरात भाकरी पुरते ती मूठवालीवर. पसरट भरते, पण कमी भरते.”

आजोने २०१९ सालचे सांगितले. त्या वर्षी पावसाने परत जायचे नावच घेतले नाही, आणि दिवाळीच्या दिवसांत क्यार वादळ समुद्रातून गेले तेव्हा गरवी शेतात उभी होती. मूठवाली सगळी शेतातच काळी पडली. आंबीलीला पसरट राहिली, आणि आधी कापलेली हळवी. “आणि आणखी एका वर्षी,” आजी म्हणाली, “चवथ झाली आणि पाऊस गेला तो गेलाच. वरच्या पायरीवर गरवीने पोटरीतच मान टाकली. तेव्हा काय खाल्ले?”

“हळवी,” नात म्हणाली.

“यंदा कुठले वर्ष येणार ते जून महिन्यात मला कोण सांगणार?” आजो म्हणाला. एवढेच तो बोलला आणि मूठवालीच्या ढिगातली बिनमोडाची कणसे वेगळी करू लागला.

चांगली मूठवाली शेवटी एकवीसच निघाली. नातीने विचारले, एवढी कमी चालतील का? आजो म्हणाला, एका कणसात दोन हजार दाणे तरी असतात, म्हणजे रूप राहील. पण एकवीस झाडांचेच बी म्हणून पुढच्या वर्षी मूठवाली खालच्या पायरीवर एकटी लावू, आणि तिच्यातून पुन्हा जास्त झाडांची कणसे घेऊ. आखूड बोटांच्या ढिगाकडे तिने बोट दाखवले. त्यालाच तर करपा आला होता. “काळ्या मानेची झाडे आपण घेतली नाहीत,” आजो म्हणाला. “त्याच रूपात ज्यांची मान हिरवी राहिली, ती बारा घेतली आहेत. त्यांना संधी देऊ. तो आखूड बोटांचा दाणा आंबीलीला आजीला लागतो.”

पुढचे दोन दिवस खायच्या नाचणीची कापणी झाली. ती कणसे ढीग घालून झाकून ठेवली, म्हणजे उबेने दाणा सुटायला सोपा होतो. बियाण्याची कणसे मात्र ढिगात गेली नाहीत. उबेने कोंब मरतो, म्हणून ती पडवीत दोरीवर जुड्या बांधून टांगली. वाळल्यावर आधी बियाण्याची मळणी झाली, खळे रिकामे आणि झाडलेले असतानाच. एक ढीग झोडायचा, पाखडायचा, सूप आणि चटई झटकायची, मग दुसरा. नात कंटाळली, पण तिने चटईच्या विणीत अडकलेले दाणे स्वतः खराट्याच्या काडीने काढले. आजोने सांगितले होते की नाचणीत भेसळ वारा करीत नाही, सूप आणि खराटा करतात.

मग वाळवणे. सकाळचे ऊन, दुपारी सावलीत, पुन्हा संध्याकाळचे ऊन. पत्र्यावर नाही. दाणा दाताखाली ‘कट्’ वाजेपर्यंत. नातीने शाळेत शिकलेला उपाय करून पाहिला: काचेच्या कोरड्या बाटलीत भाजून कोरडे केलेले मीठ आणि मूठभर बी घालून खूप हलवायचे आणि थोडा वेळ ठेवायचे. मीठ काचेला चिकटले तर बी ओले. पहिल्या दिवशी चिकटले. आणखी दोन उन्हे दिल्यावर बाटली स्वच्छ राहिली.

आजोने मडके काढले. बी, वर राख, तोंडावर फडके, त्यावर शेण-माती. मडके चुलीवरच्या माळ्यावर जायचे. नात म्हणाली, “आजो, पण चूल कुठे पेटते?” घरात गॅस येऊन बरीच वर्षे झाली होती, चूल फक्त अंघोळीच्या पाण्याला, तीही परसात. माळ्यावर धूर येत नव्हता आणि ऊबही. आजो थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने गेल्या वर्षीचे मडके उतरवले.

तिने त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळले. आत्याने सणाला खाऊ आणलेल्या काचेच्या बरणीत आजीने मागच्या साली चिमूटभर त्याच नाचणीचे बी सहज टाकून ठेवले होते, त्यातलेही शंभर दुसऱ्या फडक्यात. पाचव्या दिवशी उघडले. मडक्यातले एकसष्ट उगवले होते, बरणीतले त्र्याण्णव.

आजोने दोन्ही फडकी उन्हात नेऊन पुन्हा मोजली. मग घरात शोधून घट्ट झाकणाच्या पाच बरण्या निघाल्या. उन्हातून आणलेले बी रात्रभर निवू दिले, कारण गरम बी बंद केले तर बरणीला आतून घाम सुटतो. प्रत्येक बरणीवर नातीने चिठ्ठी लावली: रूप, पायरी, साल. मडकेही भरलेच, पण राहिलेल्या बियांचे. आणि प्रत्येक रूपातले दोन मुठी बी पुड्यांत बांधून आत्याच्या गावी पाठवले, कारण २०२१ च्या जुलैत म्हादईचे पाणी चढले तेव्हा नदीकाठच्या किती घरांत वर्षाचे बी भिजले ते आजीला आठवत होते.

नात परत निघाली तेव्हा तिने आजोला एकच सांगितले: “मूठवालीची बरणी मी मे महिन्यात येऊन उघडणार. तू उन्हात टाकू नकोस माझ्याशिवाय.”

*

इथे गोष्ट थांबवता येईल किंवा जूनच्या तरव्यापर्यंत नेता येईल, ते तुम्ही ठरवा. पण काही जागा अशा आहेत जिथे लिहिणाऱ्याचा हात हमखास घसरतो, त्या सांगते.

पहिली जागा किडीची. मी पाहिलेल्या बऱ्याच गोष्टींत मडके उघडल्यावर बियाला किडे लागलेले असतात आणि आजोबा रडतात. नाचणीत हे फारसे होत नाही. दाणा इतका बारीक असतो की तांदूळ-ज्वारी पोखरणाऱ्या सोंड्याला त्यात अंडे घालून वाढायला जागाच नसते. म्हणून तर दुष्काळासाठी नाचणी वर्षानुवर्षे साठवली जायची. गोव्यात नाचणीचे बी मरते ते ओलीने. पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की मातीच्या मडक्यातला कोरडा दाणा ती ओल हळूहळू ओढून घेतो. चुलीच्या धुराचा आणि उबेचा माळा हे त्यावरचे उत्तर होते. घरातून चूल गेली आणि उत्तर गेले, मडके मात्र सवयीने माळ्यावर राहिले. हे मी अनेक घरांत पाहिले आहे, म्हणून बरणीचा प्रसंग मुद्दाम घातला. त्यात आजोची हार दाखवू नका. मडक्याची युक्ती चुकीची नव्हती, तिच्या खालची आग विझली होती.

दुसरी जागा सुधारित बियाण्याची. मसुद्यात तुम्ही सरकारी पाकीट आणणाऱ्या माणसाला वाईट ठरवणार असाल तर कृपया थांबा. करप्याला तोंड देणारी जी नाचणी आज दक्षिणेत मोठ्या क्षेत्रावर उभी आहे, तिच्या पूर्वजांत आफ्रिकी नाचणी आहे. नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेतल्या डोंगराळ प्रदेशातली. कर्नाटकात मंड्याला लक्ष्मणय्या यांनी भारतीय आणि आफ्रिकी वाणांचा संकर करून ‘इंडाफ’ नावाच्या वाणांची मालिका दिली. नावातच भारत आणि आफ्रिका जोडलेले आहेत. बंगळुरूचा करप्याला टिकणारा जीपीयू-२८ हा पुढचा वाण त्याच वंशातून आला. म्हणजे सुधारित बियाणेही कुणीतरी कुठेतरी सांभाळलेल्या वेगळेपणातूनच निघते. आजोने एका पायरीच्या तुकड्यात सुधारित नाचणी लावली आहे असे दाखवले तरी गोष्ट खरी राहील, आणि नातीचा प्रश्न अधिक अवघड होईल: सगळीच ती का लावत नाही? उत्तर वर आलेच आहे. ते एकच रूप आहे, आणि त्याला न झेपणारे वर्षही कधीतरी येते.

रूपे शेजारी शेजारी असल्याने रोग कमी पसरतो का, असा प्रश्न एखादा चौकस वाचक नक्की विचारील. तुमच्या आजोला ते नुसत्या अनुभवाने माहीत आहे. त्याला मोठ्या प्रमाणावरचा आधार भातात मिळाला. चीनच्या युनान प्रांतात १९९८ आणि १९९९ साली हजारो शेतकऱ्यांनी टिकाऊ संकरित भाताच्या ओळींमध्ये मधूनमधून करप्याला लवकर बळी पडणाऱ्या चिकट भाताची ओळ लावली. नुसता चिकट भात लावलेल्या शेतांच्या तुलनेत मिश्र शेतातल्या चिकट भातावरचा करपा ९४ टक्क्यांनी कमी झाला. कारण समजायला सोपे आहे: बुरशीचे बीजाणू एका झाडावरून उडून शेजारी पडतात, आणि तिथे तिला पोसणारे झाड नसले तर साखळी तुटते. नाचणीचा करपा त्याच बुरशीच्या कुळातला. पण नाचणीतही इतकाच फरक पडतो असे आजोच्या तोंडी घालू नका. त्याच्या चौकोनात सात काळ्या माना होत्या आणि शेजारी हिरव्या होत्या, एवढे त्याला पुरे आहे.

तिसरी जागा कायद्याची, तुमच्या गोष्टीत ती नसली तर उत्तम. काही जण ‘आजोबांचे बी कंपनी हिसकावून घेते’ असा प्रसंग लिहितात. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ प्रमाणे शेतकरी आपले बी राखू शकतो, पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, विकूही शकतो. फक्त संरक्षित वाणाचे बी ब्रँडचे नाव लावून विकता येत नाही. आत्याला दोन मुठी बी पाठवणे हा आजोचा हक्कच आहे. गावठी वाण शेतकऱ्याच्या किंवा गावाच्या नावावर नोंदवण्याची सोयही याच कायद्यात आहे.

चौथी जागा संख्येची. कथेत आजो एकच सुंदर कणीस हातात धरून ‘हेच आपले बी’ म्हणतो, हे चित्र डोळ्यांना छान वाटते, आणि नाचणीच्या बाबतीत ते घातक आहे. एका कणसाचे दोन हजार दाणे म्हणजे एकाच झाडाची दोन हजार लेकरे, बहुतेक अगदी एकमेकांसारखी. तेवढ्याने एक तुकडा लावता येतो आणि त्याच्या बियाण्याने पुढच्या वर्षी सगळे शेत, म्हणून मोह होतो. तीन-चार वर्षे कुणी असे केले की शेत दिसायला छान, एकसारखे होते, आणि जी घराणी गेली ती गेलीच. माझ्या कामात मी एका वाणासाठी पन्नासाहून कमी झाडांची कणसे शक्यतो घेत नाही, आणि शंभर मिळाली तर बरे. म्हणून एकवीस मुठींचा प्रसंग महत्त्वाचा आहे, तो लांबला तरी कापू नका. आजोची निवड, त्याची काळजी आणि पुढच्या वर्षीचा बेत, तिन्ही त्यात येतात.

शेवटचे, काळाबद्दल. हळवी कापण्याची वेळ आणि गरवी कापण्याची वेळ यांत महिनाभराचे अंतर पडते, आणि मधल्या काळात रानडुक्कर, गवे आणि पाखरे यांची राखण असते. रात्री मांगरात झोपून डबे वाजवणारा आजो गोष्टीत आणायचा तर तो काळ सप्टेंबर-ऑक्टोबरचा ठेवा. शक्य असेल तर लिहिण्यापूर्वी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सत्तरीत एखाद्या मोरडीवर सकाळी जा, दव असताना. एक मूठवाले आणि एक पसरट कणीस तोडा, दोन्ही तासभर उन्हात ठेवा आणि मग मूठवाल्याची बोटे उघडून आत हात लावून बघा.